अर्धशिशी: दुखणं सुरू होण्याआधीचे तास

आपल्याकडे अर्धं डोकं ठणकू लागलं आणि मळमळायला लागलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘पित्त झालंय.’ मग कोकमाचं सरबत, आवळा, अ‍ॅसिडिटीची गोळी असं एकेक सुरू होतं. तेवढ्याने भागलं नाही तर कोमट पाण्यात मीठ घालून ते घटाघटा पितात आणि घशात बोटं घालून उलटी काढतात. उलटीत कडू, पिवळं-हिरवं पाणी पडतं. पित्त पडलं, आता डोकं उतरेल, असं सगळ्यांना वाटतं. तासा-दोन तासांनी ते पुष्कळदा उतरतंही, आणि समज आणखी पक्का होतो.

ते पाणी पित्ताचंच असतं, यात खोटं काही नाही. रिकाम्या पोटी वारंवार उबळ आली की पोटाच्या पुढच्या आतड्यातलं पित्त वर येतं. पण ते डोकेदुखीचं कारण नसतं. दुखणं मेंदूत सुरू झालेलं असतं आणि मळमळ हा त्याच घडामोडीचा दुसरा भाग असतो. चेहरा आणि मेंदूची आवरणं यांच्या संवेदना वाहून नेणारी एक मोठी मज्जातंतूंची जोडी आहे. तिला ट्रायजेमिनल म्हणतात. अर्धशिशीत ही यंत्रणा चेतते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन बाहेर पडतं, आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचा भाग हुळहुळा होतो आणि मग नाडीचा साधा ठोकासुद्धा कानशिलात घणासारखा जाणवतो. हे संदेश मेंदूच्या खोडात जिथे पोचतात, त्याच्या शेजारीच उलटीचं नियंत्रण करणारी केंद्रं आहेत. त्यामुळे डोकं आणि पोट एकाच वेळी बिघडतं.

पित्ताच्या समजुतीवर मी इतका वेळ घालवतोय, कारण तिच्यामुळे एक मोठं नुकसान होतं. माणूस उलटीची वाट पाहत बसतो, आणि ज्या तासाभरात औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असता तो तास हातचा जातो. मिठाच्या पाण्याने उलटी काढणं तर बंदच करावं. त्याने घसा आणि जठर सोलवटतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि जास्त मीठ पोटात राहिलं तर रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेतू शकतं.

डोकेदुखी अर्धशिशीचीच आहे हे ओळखायला स्कॅन लागत नाही, नीट ऐकून घेणारा डॉक्टर लागतो. दुखणं उपचारांशिवाय ४ ते ७२ तास टिकतं. बहुतेकदा एका बाजूचं असतं, ठणकणारं असतं, हातातलं काम सोडायला लावण्याइतकं तीव्र असतं, आणि जिना चढला किंवा खाली वाकलं की वाढतं. या चारांपैकी दोन गोष्टी असल्या, जोडीला मळमळ किंवा उलटी असली किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होत असले, आणि असे किमान पाच झटके येऊन गेले असले, की निदान जवळजवळ पक्कं होतं. साध्या ताणाच्या डोकेदुखीत माणूस कपाळ चोळत का होईना, कामं उरकतो. अर्धशिशीत त्याला अंधारी खोली हवी असते. काहींना दुखण्याआधी अर्धा तास डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेष दिसते, ती हळूहळू पसरते आणि विरते. याला ऑरा म्हणतात. तो सगळ्यांना होत नाही.

पित्ताखालोखाल चुकीचा संशय सायनसवर घेतला जातो. अर्धशिशीत नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं, भुवईच्या वर जड वाटतं, आणि माणूस वर्षानुवर्षं वाफ घेत राहतो. नाकातून घट्ट पिवळा स्राव नाही, ताप नाही, पण दर महिन्याला ‘सायनस’ उठतो आणि त्यात उजेड सहन होत नाही, असं असेल तर तो बहुतेक सायनस नव्हेच. हा त्रास दुर्मिळ तर अजिबात नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन पाहणी केली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार वर्षभरात साधारण दर चार प्रौढांपैकी एकाला अर्धशिशीचा त्रास होतो, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त आहे.

झटका सुरू कधी होतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कानशिलात पहिली कळ आली तेव्हा, असं आपण म्हणतो. पण त्याच्या कितीतरी तास आधी, कधी आदल्या दिवशीच, शरीर खुणा देऊ लागलेलं असतं. झोप झालेली असूनही जांभया येतात. मान आखडते. लघवीला वारंवार जावं लागतं. चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, गोड किंवा चमचमीत खायची एकदम वासना होते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये २०१६ साली एका रुग्णाचा मेंदू ३० दिवस रोज स्कॅन करून पाहिला गेला. त्या काळात आलेल्या झटक्यांच्या आधीच्या २४ तासांत हायपोथॅलॅमस या भागाची हालचाल बदललेली दिसली. भूक, तहान, झोप यांचा कारभार पाहणारा हा भाग. म्हणजे जांभई, तहान, खा-खा या झटक्याच्या पहिल्या पायऱ्या आहेत.

यातून एक गैरसमज सुटतो. ‘चॉकलेट खाल्लं की माझं डोकं दुखतं’ असं सांगणारे पुष्कळ जण असतात. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत झटका आधीच सुरू झालेला असतो, त्याच्यामुळे गोड खावंसं वाटतं, आणि दुखणं मागाहून येतं. चॉकलेटवर विनाकारण आळ येतो. ही खूण ओळखता आली तर तिचा उपयोग मात्र होतो. आज जांभया आणि मान आखडणं सुरू आहे, म्हणजे वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं, उन्हातलं काम पुढे ढकलायचं आणि गोळी जवळ ठेवायची, एवढं तरी करता येतं.

आता गोळीची वेळ. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यात शोषली जाते, जठरात नव्हे. जठर पुढे ढकलत नसेल तर गोळी तिथेच पडून राहते. झटका चालू असताना घेतलेलं अ‍ॅस्पिरिन रक्तात उशिरा आणि कमी पोचतं, हे १९७० च्या दशकातच मोजून दाखवलं गेलं आहे. म्हणून तीच गोळी पहिल्या अर्ध्या तासात घेतली तर लागू पडते आणि तीन तासांनी घेतली तर पाण्याबरोबर बाहेर येते. ‘अगदीच असह्य झालं तर घेईन’ असं म्हणून दात-ओठ खाऊन थांबणारी माणसं, विशेषतः घरातल्या बायका, नेमकी याच सापळ्यात अडकतात. सोसण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे. या आजारात त्याची शिक्षा दुप्पट मिळते.

दुसरी चूक मात्रेची. प्रौढ माणूस पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतो आणि ‘मला याने काही होत नाही’ म्हणून सोडून देतो. ५० किलोच्या वर वजन असलेल्या, यकृत धड असलेल्या प्रौढाला अर्धशिशीसाठी एका वेळी १००० मिलिग्रॅम लागतं, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मध्ये सहा तास जावे लागतात. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम किंवा नॅप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम पुष्कळांना जास्त लागू पडतं. ही दोन्ही औषधं जठराचा अल्सर, किडनीचा विकार, हृदयविकार असणाऱ्यांनी, आयब्युप्रोफेनने दमा उसळणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर ती घेऊच नयेत, रक्तस्राव वाढतो. १६ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गोळीबरोबर पेलाभर पाणी आणि दोन-चार घास, केळं किंवा भाकरीचा तुकडा, पोटात जाऊ द्यावा.

मळमळ नेहमीच लवकर सुरू होत असेल तर वेदनाशामक गोळीच्या जोडीला उलटी थांबवणारं औषध, उदाहरणार्थ डोम्पेरिडोन, डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ते जठराला पुन्हा चालतं करतं, त्यामुळे दुसरी गोळीही पुढे सरकते. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मात्र ते चालत नाही. साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल तर ट्रिप्टान गटाची औषधं आहेत. सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये बाजारात आलं आणि अर्धशिशीसाठीच बनवलेलं औषध पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं. तीही दुखणं सौम्य असतानाच घ्यायची असतात. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती वर्ज्य आहेत, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने घेण्याची औषधं नव्हेत. आणि उलट्या आधीच सुरू झाल्या असतील तर गोळीवर भिस्त ठेवू नये. ज्यांचा झटका दर वेळी असाच येतो त्यांनी नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

गोळी घेतल्यावर खोलीकडे वळावं. पडदे ओढावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, डोकं थोडं उंच ठेवून आडवं व्हावं. बर्फाची पिशवी किंवा फ्रिजमधलं थंड पाकीट नॅपकिनमध्ये गुंडाळून कपाळावर, कानशिलावर किंवा मानेच्या मागे दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, मग थोडा वेळ काढून पुन्हा ठेवावं. काहींना गार नको, मानेवर शेक हवा असतो. ज्याला जे सोसेल ते करावं. डोक्याला फडकं घट्ट बांधण्याची आजीची पद्धत काहींना खरोखर आराम देते आणि तिच्यात अपाय काही नाही. उग्र वासाचा बाम मात्र जपून लावावा, कारण झटक्यात नाक इतकं हळवं होतं की त्या वासानेच मळमळ वाढते. घरातल्यांनी एवढं पाहावं की फोडणी, अगरबत्ती आणि टीव्ही तेवढ्यापुरते थांबतील. पाणी घोटघोट प्यावं. उलट्या झाल्या असतील तर ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी थोडं थोडं घ्यावं. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक मळमळ कमी करतो, पण तो गोळीच्या जागी नव्हे, तिच्या सोबत. सुरुवातीलाच कपभर चहा किंवा कॉफी घेतली तर कॅफीनमुळे वेदनाशामकाला हातभार लागतो. संध्याकाळनंतर ती नको, कारण या दुखण्यावर शेवटचा इलाज झोप आहे आणि ती मोडता कामा नये. डोकं उतरल्यावरही एखादा दिवस अंग पिंजल्यासारखं, डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं. हा झटक्याचाच शेवटचा भाग आहे, आळस नव्हे.

लवकर आणि पुरेशी मात्रा घ्या, असं सांगितल्यावर त्याची मर्यादाही लगेच सांगायला हवी. कारण तिथे घसरलेली माणसं सर्वात जास्त त्रासात असतात. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, अर्गोटामाइन असलेली गोळी, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली डोकेदुखीची गोळी, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधच डोकेदुखी पोसू लागतं. मग डोकं रोज, सकाळी उठल्याबरोबर दुखतं, गोळीने तीन-चार तास दबतं आणि पुन्हा दुखतं. मोजायचे ते दिवस मोजायचे, गोळ्या नव्हेत. आपल्याकडे किराणा दुकानातसुद्धा डोकेदुखीची पाकिटं सुटी मिळतात, आणि त्यांतल्या पुष्कळांमध्ये कॅफीनसकट दोन-तीन औषधं असतात, म्हणजे त्यांना १० दिवसांची मर्यादा लागू होते. सोपा नियम असा की कुठलंही झटक्याचं औषध आठवड्यातून दोनच दिवस. त्याहून जास्त लागू लागलं तर गोळी बदलून उपयोग नाही, उपचाराची दिशा बदलावी लागते. अर्गोटामाइन असलेली गोळी आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकापाठोपाठ कधीही घेऊ नये. दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात.

घरी थांबायचंच नाही अशा काही डोकेदुख्या आहेत. मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. बोलताना शब्द अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, दोन-दोन दिसणं, झटका येणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, त्यातही कानशील दुखरं आणि चावताना जबडा दुखत असेल तर दृष्टीला धोका असतो. एक डोळा लाल, दुखरा, अंधुक, दिव्याभोवती वलय आणि जोडीला उलट्या, हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि तो हुबेहूब अर्धशिशीसारखा वाटतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली, वाढत जाणारी डोकेदुखी मेंदूतल्या शिरेत रक्त गोठल्यामुळे असू शकते. ओल्या बाळंतिणीचं डोकं ‘वाऱ्यामुळे’ दुखतंय म्हणून फडकं बांधून ठेवू नये. या सगळ्यांत थेट रुग्णालय गाठायचं. ऑरा तासाच्या वर टिकला तरीही. आणि ज्या स्त्रियांना ऑरा होतो त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं जरूर सांगावं, कारण त्या जोडीने पक्षाघाताचा धोका वाढतो.

झटका टाळण्याचा विषय निघाला की वर्तमानपत्रांतून एक यादी फिरते: चीज, रेड वाइन, चॉकलेट, अजिनोमोटो. ती परदेशी ताटावरून उचललेली आहे. तिच्यामुळे माणसं एकेक पदार्थ सोडत जातात, ताट रोडावतं आणि झटके तसेच येत राहतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. प्रखर उजेड किंवा दमछाक होईल असा व्यायाम यांनी आपल्याला ऑरासह झटका येतो, असं ठामपणे सांगणाऱ्या २७ जणांना त्यांनी मुद्दाम त्याच गोष्टींना सामोरं केलं. तिघांना ऑरासह झटका आला, आणखी तिघांना ऑराविना. बाकीच्यांना काहीच झालं नाही. ते सगळे खोटं बोलत होते असं नाही. एकटं कारण क्वचितच पुरतं. भांडं थेंबाथेंबाने भरत येतं आणि शेवटचा थेंब कुठला पडला यालाच आपण दोष देतो. अपुरी झोप, चुकलेलं जेवण, ऊन आणि पाळीचे दिवस एकत्र आले की एरवी सोसणारा अत्तराचा वासही सोसत नाही.

आपल्या घरांत हे भांडं भरणाऱ्या गोष्टी पाहिल्या तर पहिला नंबर मी रिकाम्या पोटाला देईन. सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः फक्त चहावर निघणं, एकला जेवायचं ते तीनला जेवणं, आणि उपवास. दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रकातला बदल. अर्धशिशीच्या मेंदूला कमी झोप सोसत नाही, तशी जास्त झोपही सोसत नाही. रोज साडेपाचला उठणारा माणूस रविवारी नऊला उठतो, त्याचा चहा साडेतीन तास लांबतो, आणि दुपारी डोकं धरतं. त्यात अर्धा वाटा झोपेचा आणि अर्धा कॅफीनच्या ओढीचा. चहा सोडायची गरज नाही. दिवसाला दोन कप, रोज त्याच वेळी, रविवारीसुद्धा, एवढं पुरे. सोडायचाच असेल तर एकदम न सोडता आठवडाभरात थोडा थोडा कमी करावा. उन्हात टोपी किंवा छत्री आणि गडद चष्मा, मिरवणुकीतल्या ढोल-डीजेपासून लांब राहणं, हे तर रुग्ण अनुभवाने शिकतातच.

डोक्यावरून न्हाणं हे कारण परदेशी याद्यांत सापडायचं नाही, पण आपल्या बायका ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ते गांभीर्याने घेतलं. त्यांनी तपासलेल्या अर्धशिशीच्या १५०० रुग्णांपैकी ९४ जणांनी केस धुतल्यावर झटका येतो असं सांगितलं होतं, आणि ही निरीक्षणं त्यांनी २००६ मध्ये ‘सेफलाल्जिया’ या डोकेदुखीला वाहिलेल्या नियतकालिकात मांडली. लांब, दाट केस तासन्‌तास ओले राहतात, ही आपल्याकडची बाब तिथे नोंदली गेली याचं मला मोल वाटतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी केस धुतल्यावर लगेच टिपून, पंख्याखाली किंवा ड्रायरने वाळवावेत, ओल्या केसांचा अंबाडा घालून बाहेर पडू नये, आणि उपवासाच्या किंवा पाळी येऊ घातलेल्या दिवशी न्हाणं टाळावं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं जुळवायचं ते एका रचलेल्या उदाहरणावरून पाहू. समजा, डोंबिवलीत राहणारी ३६ वर्षांची बाई आहे, मुंबईत नोकरी करते, महिन्याला पाच झटके येतात. तिने तीन महिने एका साध्या वहीत नोंद ठेवायचं ठरवलं: दुखणं किती वाजता सुरू झालं, आदल्या २४ तासांत जेवण, झोप, ऊन, न्हाणं यांचं काय झालं, पाळीचा कितवा दिवस, गोळी कुठली, किती वाजता, आणि उतार कधी पडला.

पहिल्या महिन्यातला पहिला झटका संकष्टीचा. सकाळी आठला साबुदाण्याची खिचडी, मग चहाखेरीज काही नाही. दुपारपासून जांभया, मान आखडलेली. संध्याकाळी साडेसहाला लोकलच्या गर्दीत उजव्या कानशिलात ठणका सुरू. रिकाम्या पोटी गोळी कशी घ्यायची म्हणून ती थांबली. चंद्रोदय रात्री नऊनंतर, मग नैवेद्य, जेवण, आणि दहाला पॅरासिटामॉल ५००. साडेदहाला सगळं उलटून पडलं, दुसऱ्या दिवशी रजा. दुसरा झटका रविवारचा: उशिरा उठणं, उशिरा चहा, अकराला न्हाणं, ओल्या केसांनीच स्वयंपाक, दोनला डोकं. तिसरा पाळीच्या आदल्या दिवशी आणि चौथा पाळीच्या दुसऱ्या दिवशी. पाचव्याच्या रकान्यात काहीच सापडलं नाही, आणि ते तसंच लिहिलेलं बरं. कारण प्रत्येक झटक्याला कारण चिकटवायला गेलं की माणूस कशालाही भिऊ लागतो.

वही पाहून डॉक्टरांनी तिला उपवास सोडायला सांगितलं नाही. संकष्टीला अकराला ताक आणि केळं, चारला राजगिऱ्याचा लाडू किंवा दाणे-गूळ आणि दूध, म्हणजे पोट फार वेळ रिकामं राहणार नाही. रविवारी साडेसहाला उठून नेहमीचा चहा आणि नाश्ता. हवं तर दुपारी अर्धा तास आडवं व्हायचं. न्हाणं शनिवारी दुपारी, कामावरून सुट्टी असेल तेव्हा, आणि केस लगेच वाळवायचे. पर्समध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि डोम्पेरिडोनची गोळी, सोबत छोटा बिस्किटपुडा. कानशिलात पहिला ठणका जाणवला की तिथेच, लोकलमध्ये का असेना, घ्यायची.

दुसऱ्या महिन्यात संकष्टी आणि रविवार निभावले. पाळीचे दोन्ही झटके आले, कारण त्या दिवसांत इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि त्यावर वेळेवर जेवण्याने फार फरक पडत नाही. पण गोळी वीस मिनिटांत घेतल्यामुळे दोन तासांत उतार पडला, उलटी झाली नाही. आणखी एक झटका विनाकारण आला. वेदनेचे दिवस सातावरून तीनवर, गोळीचे दिवस तीन. पाळी नियमित असल्याने डॉक्टरांनी पुढच्या महिन्यासाठी पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच दिवस नॅप्रॉक्सेन दिलं.

महिन्यातले चार किंवा अधिक दिवस तरीही अर्धशिशीत जात असतील, किंवा झटके थोडे पण प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस पाडणारे असतील, तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही, टोपिरामेट मूल हवं असणाऱ्या स्त्रियांना नको, फ्लुनारिझिनने वजन वाढतं आणि मन उदास होऊ शकतं. म्हणून निवड माणसागणिक बदलते. ही औषधं कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि पुरेशा मात्रेवर निदान दोन महिने काढल्याशिवाय ती लागू पडली की नाही हे सांगता येत नाही. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण इथेच फसतात. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात, आणि ते निम्म्यावर आले की नाही हे आठवणीने कळत नाही, त्यासाठी तीच वही पुढेही चालू ठेवावी लागते.